सोफ्यावरून फोरके दिसतं का? सेट-टॉप बॉक्सवर चॅनेल पाहणाऱ्यांसाठी रिझोल्यूशनचा हिशोब

घरात टीव्हीवर मुख्यतः मालिका, बातम्या आणि क्रिकेट चालत असेल आणि ते सगळं केबलच्या किंवा डीटीएचच्या बॉक्सवरून येत असेल, तर फोरके टीव्हीतले जास्तीचे ठिपके दोन कारणांनी वाया जातात. एक म्हणजे चॅनेल फोरकेमध्ये येतच नाही. दुसरं म्हणजे मुंबईच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही यांच्यात जेवढं अंतर असतं, तेवढ्यावरून ते ठिपके डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. याउलट एसडी आणि एचडी चॅनेलमधला फरक त्याच सोफ्यावरून स्पष्ट दिसतो, आणि नेमका तोच अनेक घरांत निसटतो. नवा टीव्ही आला, पण बॉक्स, वायर आणि चॅनेल नंबर जुनेच राहिले, असं होतं. हा लेख त्यासाठीच आहे: आधी लेबलं समजून घ्यायची, मग घरातलं अंतर मोजायचं, मग बॉक्सपासून पडद्यापर्यंतची वाट तपासायची, आणि दुकानात शेवटी जायचं.

लेबलं काय सांगतात

पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं म्हणजे पिक्सेलचं असतं. रिझोल्यूशन म्हणजे आडवे किती ठिपके आणि उभे किती, एवढंच. आपल्याकडचं एसडी चॅनेल जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ असतं, म्हणजे सगळे मिळून चार लाखांच्या थोडे वर. फुल एचडी १९२० बाय १०८०, म्हणजे वीस लाखांहून थोडे जास्त. अल्ट्रा एचडी आणि फोरके ही टीव्हीच्या बाबतीत एकाच गोष्टीची दोन नावं आहेत: ३८४० बाय २१६०, जवळपास ८३ लाख ठिपके. यांच्यामध्ये ‘एचडी रेडी’ आहे. त्यात किमान ७२० ओळी दाखवता आल्या पाहिजेत, आणि आपल्याकडचे ३२ इंची एचडी रेडी टीव्ही बहुधा १३६६ बाय ७६८ चे असतात. अशा टीव्हीवर एचडी चॅनेल लागतं, पण टीव्ही ते थोडं लहान करून बसवतो.

फोरकेमध्ये फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात हे खरं आहे. पण आडव्या दिशेला दुप्पट आणि उभ्या दिशेला दुप्पट, असे मिळून ते चौपट होतात. डोळ्याला जो बारीकपणा जाणवतो तो एका ठिपक्याच्या रुंदीवर ठरतो, आणि ती रुंदी निम्मीच होते. म्हणून चौपट ठिपके असले तरी चित्र चौपट स्पष्ट होत नाही.

खोक्यावर दोन जागी फसायला होतं. ‘फोरके सपोर्ट’ किंवा ‘फोरके प्लेबॅक’ असं लिहिलेल्या स्वस्त टीव्हीत बरेचदा पॅनेल फुल एचडी किंवा एचडी रेडीच असतं. आतली चिप फोरके फाइल वाचू शकते आणि ती लहान करून दाखवते, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा मोठ्या अक्षरांकडे न बघता तपशिलाच्या तक्त्यात ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’ किंवा ‘पॅनेल रिझोल्यूशन’ ही ओळ शोधा. तिथे `3840 x 2160` असेल तरच पडदा फोरके आहे. दुसरी जागा म्हणजे नुसता ‘एचडी’ हा शब्द. टीव्हीच्या खोक्यावर त्याचा अर्थ एचडी रेडी असू शकतो, पण चॅनेलच्या नावामागे तो लागला की बहुतेक वेळा १९२० बाय १०८० असा होतो.

बॉक्समधून प्रत्यक्षात काय येतं

मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर केबलचं अॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं आणि सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. त्या वेळी घराघरांत बसलेले बहुतेक बॉक्स एसडी होते, आणि आजही केबलवाल्याला एचडी बॉक्स हवा असं वेगळं सांगावं लागतं. मराठीत झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी आवृत्त्या आहेत. बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या मात्र एसडीतच बघाव्या लागतात.

आपल्याकडचं एचडी चॅनेल `1080i` या पद्धतीने येतं. यातला `i` म्हणजे इंटरलेस्ड. सेकंदाला ५० वेळा चित्र पाठवलं जातं, पण प्रत्येक वेळी १०८० पैकी अर्ध्याच ओळी येतात: एकदा विषम, एकदा सम. टीव्ही त्या जुळवून पूर्ण चित्र बांधतो. कॅमेरा स्थिर असेल तेव्हा १०८० ओळींचा पूर्ण तपशील मिळतो. चेंडूमागे कॅमेरा धावतो तेव्हा दोन अर्ध्या चित्रांच्या मधल्या क्षणी सगळं पुढे सरकलेलं असतं, ओळी नीट जुळत नाहीत, आणि तपशील कमी होतो.

त्यावर आणखी एक मर्यादा आहे, ती म्हणजे बिटरेट: सेकंदाला किती माहिती पाठवली जाते. एका उपग्रहावर किंवा केबलवर शेकडो चॅनेल बसवायचे असतात, म्हणून प्रत्येक चॅनेल दाबून लहान केलं जातं. स्थिर चेहऱ्याला थोडी माहिती पुरते. गोल झाल्यावर उसळलेली गर्दी, कोसळणारा पाऊस किंवा विसर्जन मिरवणुकीतला गुलाल दाखवायचा तर प्रत्येक ठिपका बदलत असतो, माहिती अपुरी पडते, आणि चित्रात चौकोनी तुकडे दिसू लागतात. एसडी चॅनेलवर बातम्यांच्या पट्टीतल्या अक्षरांभोवती मुंग्यांसारखी वळवळ दिसते, तीही याच दाबण्यामुळे. अशा जागी पडद्याचे ठिपके वाढवून काहीच होत नाही. जे तपशील पाठवतानाच गाळले, ते टीव्ही परत आणू शकत नाही.

फोरके टीव्ही एचडी चॅनेल दाखवतो तेव्हा आलेल्या एका ठिपक्याच्या जागी चार भरतो. याला अपस्केलिंग म्हणतात. १०८० ची बरोबर दुप्पट २१६० होते, त्यामुळे हे काम स्वच्छ होतं आणि चांगला टीव्ही कडा छान गुळगुळीत करतो. ५७६ ओळींपासून २१६० करायच्या तर पावणेचार पट ताणावं लागतं. तिथे टीव्हीला बरंच अंदाजाने भरावं लागतं, आणि एसडीचे सगळे दोषही सोबत मोठे होतात.

भारतात २०१५ च्या क्रिकेट विश्वचषकाचे काही सामने डीटीएचवर फोरकेमध्ये दाखवले गेले होते. पण त्यानंतर रोजच्या चॅनेलांपर्यंत ते पोचलं नाही. आज फोरके बघायचं तर ते मुख्यतः इंटरनेटवरून, ओटीटीवर.

अंतर मोजा

मेजरटेप घ्या. टीव्हीच्या काचेपासून, तुम्ही नेहमीसारखे टेकून बसलात की डोळे जिथे येतात तिथपर्यंत मोजा. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू नका. हॉल दहा फुटांचा असला तरी बघण्याचं अंतर दहा फूट नसतं.

आता डोळ्याचं गणित. चष्मा लावून किंवा न लावता ज्याची नजर ६/६ आहे, त्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातल्या गोष्टी वेगळ्या दिसतात. दहा फुटांवर हे अंतर जवळपास ०.९ मिलिमीटर भरतं. याहून जवळ असलेल्या दोन रेघा तिथून एकच दिसतात. साडेआठ फुटांवर हाच आकडा पाऊण मिलिमीटर होतो.

यावरून एक सोपा आडाखा निघतो. टीव्हीचे इंच घ्या. त्यांना ४ ने भागलं की येतात तेवढे फूट, म्हणजे एसडीची हद्द. ८ ने भागलं की फुल एचडीची हद्द. १६ ने भागलं की फोरकेची. त्या हद्दीच्या आत बसलात तर ठिपके किंवा ओळी डोळ्याला जाणवू लागतात, आणि त्याहून बारीक चित्राचा फायदा दिसतो. हद्दीच्या बाहेर बसलात तर त्या दर्जाचं चित्र डोळ्याला पुरेसं आहे, त्याहून बारीक दिलं तरी फरक कळणार नाही.

४३ इंची टीव्हीचं उदाहरण घ्या. एसडीची हद्द पावणेअकरा फूट, फुल एचडीची जवळपास साडेपाच, फोरकेची पावणेतीन. म्हणजे साडेपाच ते पावणेअकरा फुटांच्या पट्ट्यात बसणाऱ्याला एसडी भसाडं दिसेल, एचडी स्वच्छ दिसेल, आणि फोरके एचडीसारखंच दिसेल. ५५ इंचाला हाच पट्टा सात ते पावणेचौदा फुटांचा. आपले बहुतेक सोफे या पट्ट्यातच असतात.

ही हद्द रेघ मारल्यासारखी काटेकोर नसते. काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर थोड्या पुढूनही फरक जाणवतो, आणि तरुण मुलांची नजर ६/६ पेक्षा तीक्ष्णही असते. म्हणून दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे धरा. घरातल्या ज्येष्ठांची नजर कमी असेल तर हद्द उलट आणखी जवळ येते, म्हणजे त्यांना बारीक ठिपक्यांचा फायदा आणखी कमी.

कांदिवलीच्या एका वन बीएचकेचा हिशोब

हॉल १० बाय १५ फुटांचा धरू. टीव्ही एका लांब भिंतीवर, सोफा समोरच्या भिंतीला टेकून. मधलं अंतर १२० इंच. त्यातून भिंतीवरचा ब्रॅकेट आणि टीव्हीची जाडी मिळून ४ इंच गेले, सोफ्याची पाठ आणि टेकलेलं डोकं यांचे १४ इंच गेले. उरले १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट. इथून डोळ्याला पाऊण मिलिमीटरपर्यंतचं वेगळं दिसतं.

घरात ३२ इंची एचडी रेडी टीव्ही आहे, एसडी बॉक्स आहे, आणि दोन्ही पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जोडलेले आहेत. ३२ इंचावर एसडीची एक ओळ ०.७ मिलिमीटर उंच असते, पाऊण मिलिमीटरपेक्षा किंचित कमी. म्हणूनच या घरात आजवर कोणाची तक्रार नव्हती.

आता त्यांनी फक्त टीव्ही बदलून ५५ इंची फोरके आणला, तर तीच एसडी ओळ जवळपास १.२ मिलिमीटरची होते. साडेआठ फुटांवरून ती ठळक दिसते, पट्टीतल्या अक्षरांभोवतीची वळवळही दिसते. ‘एवढे पैसे घालून जुन्यापेक्षा वाईट दिसतंय’ ही तक्रार इथून येते, आणि ती खरी असते. टीव्ही बिघडलेला नाही, चॅनेल आणि पडदा यांचं प्रमाण बिघडलं आहे.

त्याच टीव्हीला एचडी बॉक्स लावला आणि एचडी चॅनेल घेतलं, तर एक ठिपका ०.६३ मिलिमीटरचा, म्हणजे पाऊण मिलिमीटरहून लहान, वेगळा दिसत नाही एवढा. चित्र स्वच्छ. आणि खरोखरचं फोरके आणलं असतं, तर ठिपका ०.३२ मिलिमीटरचा झाला असता, पण ०.६३ चाच वेगळा दिसत नसेल तर ०.३२ चा कुठून दिसणार? या हॉलमध्ये फुल एचडी आणि फोरके यांत फरक दिसायला लागतो तो ६५ इंचांच्या पुढे, तोही चित्र मुळात फोरके असेल तर.

उलट्या बाजूने हिशोब केला की टीव्हीचा आकार ठरतो. अंतराच्या फुटांना ८ ने गुणलं की एचडी चॅनेलसाठी जास्तीत जास्त इंच मिळतात: साडेआठ फुटांना ६८. ४ ने गुणलं की एसडीसाठी: ३४. म्हणून या घरात एचडी मालिका आणि क्रिकेट हे मुख्य असेल तर ५५ इंच बेलाशक घ्यावा. दिवसभर एसडी वृत्तवाहिनी चालू असते असं घर असेल तर ४३ इंचावर थांबणं शहाणपणाचं.

लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत, पलंगावरून पाच फुटांवर बघणं होत असेल, तर ८ ने गुणून ४० इंच येतात. तिथे ४३ इंचापुढे जायचं कारण नाही. एसडीसाठी तर २० इंचच येतात, म्हणजे अशा खोलीत एचडी चॅनेलचा फायदा मोठ्या हॉलपेक्षाही जास्त.

बॉक्सपासून पडद्यापर्यंत तपासणी

या भागावर घाई करू नका, कारण टीव्ही न बदलताही चित्र सुधारतं ते इथे.

सुरुवात बॉक्सपासून. बॉक्सवर किंवा खालच्या स्टिकरवर एचडी लिहिलंय का ते बघा. मागे एचडीएमआयचं भोक असणं हा पुरावा नाही, काही एसडी बॉक्सनाही ते असतं. खात्री नसेल तर मॉडेल नंबर सांगून केबलवाल्याला किंवा डीटीएच कंपनीला विचारा.

मग वायर. पिवळी-लाल-पांढरी वायर फक्त एसडी नेते. बॉक्स एचडी, टीव्ही फोरके, चॅनेल एचडी, पण जोडणी या वायरीची, तर पडद्यावर एसडीच. एचडीएमआय वायर लावा. `1080i` साठी साधी दीड मीटरची ‘हाय स्पीड’ लिहिलेली वायर पुरते. सोन्याचा मुलामा असलेल्या महागड्या वायरीने चित्र स्वच्छ होत नाही. एचडीएमआय वायर खराब असेल तर चित्र धूसर होत नाही, ते लुकलुकतं, पांढरे ठिपके येतात किंवा पडदा काळा होतो.

मग बॉक्सची सेटिंग. मेन्यूत व्हिडिओ किंवा एचडीएमआय रिझोल्यूशन असा पर्याय असतो. तिथे `1080i` निवडा. बॉक्स रीसेट झाला किंवा आधी जुन्या टीव्हीला लावलेला असला की ही सेटिंग `576p` किंवा `720p` वर राहून जाते. अँड्रॉइडवर चालणारा बॉक्स असेल तर आणखी एक गोष्ट बघा: बाहेर जाणारं चित्र ५० हर्ट्झ आहे की ६०. आपली चॅनेल सेकंदाला ५० च्या हिशोबाने येतात. बॉक्स ६० वर असेल तर बातम्यांची सरकती पट्टी अडखळत चालते. ५० केलं की ती सरळ वाहते.

फोरके बॉक्सला `2160p` असाही पर्याय मिळतो. तो निवडला म्हणजे चॅनेल फोरके झालं असं नाही, फक्त ताणण्याचं काम टीव्हीऐवजी बॉक्स करतो. दोन्ही करून बघा आणि ज्यात पट्टीतली अक्षरं स्वच्छ दिसतात ते ठेवा. बरेचदा टीव्हीची चिप हे काम बॉक्सपेक्षा चांगलं करते.

शेवटी चॅनेल नंबर. एसडी आणि एचडी आवृत्त्यांचे नंबर वेगळे असतात. घरातल्यांच्या बोटांना जुना नंबर पाठ असतो आणि फेवरेटच्या यादीतही तोच साठवलेला असतो, त्यामुळे एचडीचे पैसे भरूनही एसडी चालू राहतं. फेवरेटमधले जुने नंबर काढून नवे घाला. दोन्ही आवृत्त्यांचं शुल्क वेगळं असतं, म्हणून पॅकमध्ये एकच चॅनेल दोनदा आलंय का ते बघून एसडी आवृत्ती कमी करायला सांगा.

आता खात्री कशी करायची? टीव्हीच्या रिमोटवर `Info` दाबलं की वर कोपऱ्यात `1920x1080i` किंवा `1080i` असं दिसतं. पण यावरून फक्त बॉक्स ते टीव्ही ही जोडणी बरोबर आहे एवढंच कळतं. बॉक्स `1080i` वर ठेवला असेल तर तो एसडी चॅनेलही ताणून `1080i` म्हणूनच पाठवतो. चॅनेल खरंच एचडी आहे का हे कळायला कोपऱ्यातला लोगो आणि माणसाचा चेहरा आळीपाळीने बघा. लोगो आणि पट्टी शेवटच्या टप्प्यावर, चॅनेलच्या पूर्ण रिझोल्यूशनमध्ये बसवतात. लोगोच्या कडा धारदार आणि चेहऱ्याचे केस, साडीच्या काठाची वीण पुसट, असं असेल तर चॅनेल एचडी आहे पण कार्यक्रम जुना, एसडीत चित्रित केलेला आहे. दोन्ही बाजूंना काळ्या किंवा रंगीत पट्ट्या असतील तर बहुधा तसंच आहे. लोगोही पुसट असेल तर तुम्ही एसडी चॅनेलवर आहात, किंवा वाटेत कुठेतरी चित्र लहान झालंय.

टीव्हीच्या दोन सेटिंग

पहिली चित्राच्या आकाराची. बरेच टीव्ही कारखान्यातून येताना चित्राच्या चारही कडा थोड्या कापून बाकीचं चित्र मोठं करतात. त्यामुळे १०८० ची बरोबर दुप्पट होण्याऐवजी अपूर्णांकात ताण पडतो आणि सगळंच किंचित मऊ होतं. पट्टीतली शेवटची अक्षरं कापली जात असतील तर हेच कारण. पिक्चर साइझमध्ये जाऊन `Just Scan`, `Fit to Screen` किंवा `Full Pixel` अशा नावाचा पर्याय चालू करा, नाव कंपनीप्रमाणे बदलतं.

दुसरी `Sharpness`. हा आकडा वाढवला की नवा तपशील येत नाही, कडांना पांढरी किनार लागते. काळ्या पट्टीवरच्या पांढऱ्या अक्षरांकडे बघत आकडा कमी करत जा आणि अक्षरांभोवतीची भुताटकी किनार नाहीशी होते तिथे थांबा. ठरावीक आकडा सांगता येत नाही, कारण काही कंपन्यांत शून्य म्हणजे तटस्थ असतं तर काहींत मधला आकडा. एसडी वृत्तवाहिनीसाठी `Noise Reduction` मध्यम ठेवलं तर वळवळ कमी होते. एचडीवर ते बंद किंवा कमी ठेवा, नाहीतर चेहरे मेणाचे दिसतात.

धूसर चित्र म्हणजे कमजोर सिग्नल नव्हे

जून-जुलैत हा गोंधळ खूप होतो. डीटीएचचं प्रक्षेपण डिजिटल असतं. बॉक्सला माहिती नीट मिळाली तर चित्र पूर्ण दर्जाचं येतं. मुसळधार पावसात सिग्नल हद्दीखाली गेला तर चौकोन फुटतात, आवाज तुटतो, आणि मग ‘नो सिग्नल’ येतं. या दोन्हींच्या मधे ‘थोडं कमी स्पष्ट’ अशी अवस्था नसते. म्हणून चित्र कायमच पुसट दिसत असेल तर गच्चीवरची डिश हलवायला माणूस बोलावून पैसे घालवू नका. सिग्नलची पट्टी ६० वरून ९० वर नेल्याने एसडीचं एचडी होत नाही. आधी वर सांगितलेली वाट तपासा. पाऊस सुरू झाला की चित्र फुटत असेल आणि शेजारच्यांचं टिकत असेल, तर मात्र डिश, तिच्या दांड्यावर बसवलेला सिग्नल पकडणारा एलएनबी किंवा गंजलेलं कनेक्टर बघायला हवं.

दुकानात

शोरूममध्ये लावलेला व्हिडिओ खास तयार केलेला असतो: खरा फोरके, भरपूर बिटरेटचा, सावकाश फिरणाऱ्या कॅमेऱ्याचा. तो दीड-दोन फुटांवरून बघितला की कोणताही फोरके टीव्ही अप्रतिम दिसतो. पण तुमच्या घरी ना तो व्हिडिओ असणार ना ते अंतर. विक्रेत्याला सेट-टॉप बॉक्स लावायला सांगा. आधी एक एसडी वृत्तवाहिनी बघा, मग एक एचडी चॅनेल, शक्यतो क्रिकेट. घरून मोजून आणलेल्या अंतरावर उभे राहून बघा. पिक्चर मोड व्हिविड किंवा डायनॅमिकवरून स्टँडर्डवर आणायला सांगा, कारण शोरूमचे प्रखर रंग अस्पष्टता झाकतात. दोन टीव्ही एसडी चॅनेलवर शेजारी-शेजारी ठेवले तर अपस्केलिंगमधला फरक मिनिटभरात कळतो, आणि केबल बघणाऱ्याला ठिपक्यांच्या आकड्यापेक्षा हाच फरक रोज भोगावा लागतो.

मोठ्या आकारात आज फुल एचडी टीव्ही फारसे मिळत नाहीत. ५० किंवा ५५ इंचाचा घ्यायचा तर तो बहुतेक फोरकेच असणार. ते बिनधास्त घ्या, त्याने एचडी चॅनेलचं नुकसान काही होत नाही. फक्त फोरके या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. ३२ इंचात एचडी रेडी आणि फुल एचडी यांत अडकला असाल आणि सोफा आठ फुटांवर असेल, तर एचडी रेडी चालेल. आठ फुटांवरून त्याचेही ठिपके दिसत नाहीत.

फोरके कधी कामाला येतं

ओटीटीवर, आणि तेही तीन अटी जुळल्या तर. तुमच्या वर्गणीच्या प्लॅनमध्ये फोरके असायला हवं, कारण स्वस्त प्लॅनमध्ये ते बहुधा नसतं. इंटरनेटचा वेग टीव्हीपाशी टिकून मिळायला हवा. नेटफ्लिक्स फोरकेसाठी १५ एमबीपीएस सांगतं, फुल एचडीसाठी ५. आणि अंतर हद्दीच्या आत हवं, म्हणजे ५५ इंचाला सात फुटांच्या आत.

एक गोष्ट मात्र अंतरावर अवलंबून नसते: एचडीआर. उन्हातली चमक आणि सावलीतला तपशील एकाच वेळी दाखवण्याची ही पद्धत बहुधा फोरके चित्रपटांसोबत येते आणि ती दहा फुटांवरूनही जाणवते. आपली रोजची चॅनेल एचडीआरमध्ये येत नाहीत, त्यामुळे हा फायदाही ओटीटीपुरताच.

स्वतःच्या डोळ्यांनी पडताळायचं असेल तर यूट्यूबवर फोरके व्हिडिओ लावा, सेटिंगमधून `Stats for nerds` चालू करा, आणि `Current / Optimal Res` या ओळीत `3840x2160` दिसेपर्यंत थांबा. मग दर्जा `1080p` करून पुन्हा तोच भाग बघा, नेहमीच्या जागेवर बसून. फरक दिसला तरी लगेच ठिपक्यांना श्रेय देऊ नका. यूट्यूब फोरके आवृत्तीला बिटरेटही बराच जास्त देतं, त्यामुळे पाण्याच्या लाटा किंवा झाडांची पानं फोरकेमध्ये कमी फुटतात. खरी कसोटी स्थिर दृश्यात लागते: दोन्ही आवृत्त्या एकाच जागी पॉज करा, दूरच्या इमारतीच्या खिडक्या किंवा एखादी पाटी निवडा, आणि घरातल्या दुसऱ्या कोणालातरी दर्जा न सांगता बदलायला लावून ओळखता येतं का ते बघा.